चोरीच्या दाव्यावर विमा कंपनीचे ‘हक्क राखून’ पत्र आले, तर काय करायचे

चोरी झाली, पोलिसांत तक्रार नोंदवली, गेलेल्या सामानाची यादी करून विमा कंपनीकडे दावा केला, सर्व्हेअर पाहणी करून गेला. आता पैसे येतील म्हणून वाट पाहत असताना दोन पानी पत्र येते. दाव्याच्या रकमेबाबत काही प्रश्न आहेत, चौकशी सुरू आहे, आणि ही चौकशी कंपनी ‘पॉलिसीखालील आपले सर्व हक्क राखून’ करीत आहे, असा त्याचा सूर असतो. याला विमा व्यवहारात ‘रिझर्वेशन ऑफ राइट्स’ म्हणतात. पत्र वाचून बहुतेकांना वाटते की दावा फेटाळला, किंवा कंपनीने आपल्याला चोर ठरवले. दोन्ही खरे नाही. पण हे पत्र नेहमीच्या पत्रव्यवहारातले एक म्हणून बाजूला ठेवण्यासारखेही नाही, कारण यानंतर तुम्ही जे लिहाल आणि बोलाल ते तपासले जाणार आहे.

हा लेख एकाच प्रकाराबद्दल आहे: चोरी झाली हे कंपनीला साधारण पटले आहे, पण यादी फुगवली आहे असा संशय आहे. चोरी झालीच नाही असा आरोप असेल, तर प्रकरण वेगळे आहे आणि तिथे पहिल्या दिवशीच वकील हवा.

कंपनी हे पत्र का लिहिते

कंपनीला दावा नाकारण्याचे कारण दिसत असूनही तिने सर्व्हेअर नेमला, कागद मागवले, वाटाघाटी केल्या आणि त्या कारणाबद्दल चकार शब्द काढला नाही, तर पुढे न्यायालय म्हणू शकते की तो हक्क कंपनीने सोडून दिला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा गॅलाडा पॉवर प्रकरणातला निकाल याच धर्तीचा आहे. घटना उशिरा कळवल्याचा मुद्दा विमा कंपनी नंतर घेऊन आली. पण तिने सर्व्हेअर नेमला होता आणि दावा नाकारण्याच्या पत्रात उशिराचा उल्लेखही केला नव्हता, म्हणून तो मुद्दा तिला घेऊ दिला नाही. हा धोका टाळायला कंपनी आधीच लिहून ठेवते: आम्ही चौकशी करतो आहोत, याचा अर्थ दावा मान्य केला असा नाही.

म्हणजे हे पत्र कंपनीचे स्वतःसाठीचे कवच आहे. निर्णय अजून व्हायचा आहे. तुमच्या बाजूने पाहिले तर त्यात एक उपयोगाची गोष्ट असते, ती म्हणजे कंपनी कुठे अडली आहे हे तुम्हाला निर्णयाआधी कळते.

पत्र हातात आल्यावरचे पहिले दोन दिवस

पत्रावर मिळाल्याची तारीख लिहा, आणि उत्तराची मुदत दिली असेल ती वेगळी नोंदवा. मग पेन घेऊन चार गोष्टी शोधा: पॉलिसीतील कोणत्या अटी उद्धृत केल्या आहेत, कोणत्या वस्तूंवर शंका आहे, शंकेमागे कोणती वस्तुस्थिती सांगितली आहे, आणि कोणते कागद मागितले आहेत. नीट लिहिलेल्या पत्रात चारही सापडतात. पुष्कळ पत्रांत फक्त पहिली आणि शेवटची असते, मधल्या दोन ठिकाणी ‘काही विसंगती आढळल्या’ एवढेच मोघम वाक्य. तसे असेल तर विसंगती वस्तुनिहाय कळवा, अशी लेखी विनंती करा. या विनंतीत भांडण नको, आणि उत्तर येईपर्यंत कागद अडवून धरायचेही नाहीत, कारण सहकार्य करणे ही बहुतेक पॉलिसींत तुमच्यावरची अट असते आणि ती मोडली तर कंपनीला आणखी एक मुद्दा आयताच मिळतो.

फोनवर खुलासा देऊ नका. अधिकाऱ्याचा फोन आलाच तर ‘पत्र मिळाले, लेखी उत्तर देतो’ एवढे पुरे. राग आलेला असताना माणूस आकडे ठोकून देतो, आणि ते आकडे समोरचा लिहून घेतो.

आणखी एक. कंपनीकडे दिलेली मूळ यादी जशीच्या तशी जपा. संगणकावरची फाइल उघडून तीच ‘दुरुस्त’ करू नका. दुरुस्ती करायची ती नव्या कागदावर, तारीख घालून.

पत्रासोबत सहीसाठी एखादा करार आला आहे का, हेही पाहा. हक्क राखल्याचे पत्र एकतर्फी असते, त्यावर फार तर पोच द्यावी लागते. काही वेळा मात्र ‘चौकशीमुळे कोणाचाही हक्क जात नाही’ असा दुतर्फी करार पुढे करतात. तो न वाचता सही करू नये. साध्या पोचवरही एक ओळ लिहावी: ‘पत्र मिळाले. त्यातील मजकूर मान्य आहे असा याचा अर्थ नाही. माझेही पॉलिसीखालील हक्क राखून.’

फुगवलेली यादी म्हणजे नेमके काय

इथे जरा थांबायला हवे, कारण सगळी फुगवट एका मापाची नसते.

पहिला प्रकार किमतीचा. पाच वर्षे वापरलेली वस्तू तुम्ही नव्याच्या भावाने लावली. पॉलिसी बाजारभावाने भरपाई देणारी असेल तर कंपनी घसारा कापणार. वस्तूचे वय लपवलेले नसेल, तर हा मतभेद आहे. वाटाघाटीत माणूस थोडी जास्त किंमत सांगतो हे न्यायाधीशांनाही ठाऊक असते, आणि सर्व्हेअरला ती वस्तू तितकीच नीट जोखता येत असेल तर निव्वळ चढ्या आकड्यावरून फसवणूक मानायला न्यायालये सहसा कचरतात.

दुसरा प्रकार संख्येचा किंवा अस्तित्वाचा. दोन गेले आणि तीन लिहिले, किंवा घरात नसलेली वस्तू यादीत आली. घाईत, जुन्या नोंदीवरून यादी केल्याने असे प्रामाणिकपणेही होते. पण चूक कळल्यावरही गप्प बसलात तर तिचा रंग बदलतो.

तिसरा प्रकार कागदाचा. वस्तू खरी, किंमत खरी, पण बिल हरवले म्हणून दुकानदाराकडून मागची तारीख टाकून नवे बिल करून घेतले. लोकांना हे निरुपद्रवी वाटते. माझ्या मते तिन्हींत सर्वांत घातक हेच, कारण खोटा कागद कायमचा फाइलमध्ये राहतो आणि तो पाहिल्यावर खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

एका वस्तूपुरती खोटी भर घातली तर तेवढेच पैसे कापतील, हा समज कुठून आला कोण जाणे. इंग्लंडच्या अपील न्यायालयासमोर 1997 मध्ये घरफोडीचा एक दावा होता. सुमारे 16,000 पौंडांचे नुकसान खरे होते, आणि त्यात खोट्या पावतीवर सुमारे 2,000 पौंडांचा संगणक जोडला होता. पूर्ण दावा गेला. तिथल्या 2015 च्या विमा कायद्याच्या कलम 12 नेही कंपनीला हेच अधिकार दिले: फसव्या दाव्याचे पैसे न देणे, दिलेले परत मागणे, आणि फसवणुकीच्या कृत्यापासून करार संपल्याचे कळवणे. खऱ्या नुकसानासाठी मारलेली, निकालावर परिणाम न करणारी थाप मात्र पूर्ण दावा बुडवत नाही, असे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये व्हर्सलूट प्रकरणात ठरवले. पण त्यावर विसंबू नका. अनेक पॉलिसींत ‘फसवी साधने वापरल्यास सर्व लाभ जप्त’ अशी अट थेट लिहिलेली असते, आणि प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे. तुमच्या पॉलिसीतली ती अट आधी वाचा.

एक प्रकरण, आकड्यांसह

समजण्यासाठी एक प्रकरण रचतो. रकमा कोणत्याही चलनात वाचा.

एका छायाचित्रकाराच्या स्टुडिओत रात्री चोरी झाली. त्याने 9,00,000 चा दावा केला: दोन कॅमेरे 3,20,000, चार लेन्स 2,60,000, तीन फ्लॅश लाइट 1,20,000, लॅपटॉप आणि हार्ड डिस्क 1,40,000, बॅगा, स्टँड वगैरे 60,000. पॉलिसी बाजारभावाची, आणि प्रत्येक दाव्यात पहिले 10,000 त्याने स्वतः सोसायचे.

कंपनीच्या पत्रात चार शंका होत्या. पोलिसांना दिलेल्या यादीत लाइट दोन, दाव्यात तीन. एका कॅमेऱ्याचे मॉडेल पाच वर्षांपूर्वीचे, किंमत नव्याची. मोठ्या टेलिफोटो लेन्सचा सिरियल नंबर दिलेला नाही. आणि लॅपटॉपचे बिल तीन वर्षांपूर्वीच्या तारखेचे, पण त्यावरचा बिल क्रमांक दुकानाच्या चालू वर्षाच्या मालिकेतला.

पहिली शंका नेहमीचीच आहे. चोरीच्या दाव्यात चौकशीची सुरुवात बहुधा पोलिसांकडची यादी आणि कंपनीकडची यादी शेजारी ठेवून होते. पोलिसांकडे पहिल्या तासात घाबरलेल्या मनाने सांगितलेले असते, त्यामुळे यादी नंतर वाढणे अस्वाभाविक नाही. पण वाढ झाली तर पुरवणी यादी पोलिसांनाही द्यायला हवी होती. ती दिली नाही की फरक उठून दिसतो.

पुरावा कसा गोळा करायचा

उत्तर लिहिण्याआधी प्रत्येक शंकित वस्तूसाठी तीन प्रश्न सोडवा: ती माझ्याकडे कधी आली, चोरीच्या आधी ती तिथे होती हे कशावरून, आणि तिची किंमत कशी काढली. प्रत्येक उत्तरामागे तुमच्या शब्दाव्यतिरिक्त काहीतरी हवे. बँकेचे विवरण, दुरुस्तीची पावती, हमीची ऑनलाइन नोंदणी, रिकामे खोके, ऑनलाइन खात्यात दिसणारी उपकरणांची यादी, आधीच्या महिन्यातली जागेची छायाचित्रे. बिल हरवले तर बँकेतली नोंद बिलापेक्षा मोलाची, कारण ती तुम्हाला मागाहून बनवता येत नाही.

आपल्या छायाचित्रकाराकडे एक खास साधन होते. कॅमेरा प्रत्येक मूळ फाइलमध्ये तारीख, मॉडेल आणि बहुधा स्वतःचा सिरियल नंबरही लिहितो. काही लेन्सचा नंबरही त्यात येतो. जुन्या फाइल बॅकअपमध्ये असतील तर फाइलमधली अशी माहिती वाचणाऱ्या exiftool या प्रोग्रामने तो असा काढता येतो:

```
exiftool -Model -SerialNumber -LensModel -LensSerialNumber -DateTimeOriginal IMG_4127.CR3
```

मूळ फाइलच वापरा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून ही माहिती गळालेली असते. आणि जुन्या लेन्सचा नंबर दिसला नाही म्हणून लेन्स नव्हती असे होत नाही, तसे उत्तरात लिहा.

त्याने फाइल उघडल्या. दोन्ही कॅमेरे चोरीच्या चार दिवस आधीपर्यंत वापरात होते, हे दिसले. टेलिफोटो लेन्सची शेवटची नोंद मात्र तीन आठवडे जुनी. तेव्हा आठवले, ती लेन्स सहायक एका कामासाठी घेऊन गेला होता. फोन केला तर ती त्याच्याकडेच. स्टुडिओच्या जुन्या फोटोंत लाइट दोनच. तिसरा वर्षापूर्वी मोडीत काढला होता, नोंदवहीतून नाव खोडायचे राहिले होते. लॅपटॉपच्या बाबतीत बिल हरवले म्हणून दुकानदाराने ‘नवे काढून दिले’ होते. पैसे बँकेतून गेल्याची नोंद मात्र होती, आणि लॅपटॉपचा सिरियल नंबर हमीच्या नोंदणीत होता.

दुरुस्तीचे पत्र

अशा वेळी मनात येते की लेन्स तेवढी सांगू, बिलाचे नको, ते कंपनीला कळायचे नाही. बिल क्रमांकावर तिने आधीच बोट ठेवले आहे. तपासनीस दुकानात जातो आणि बिलबुकाची त्या वर्षाची मालिका पाहतो. दुकानदार त्याला सहसा खरे सांगतो, कारण त्याचे स्वतःचे कराचे हिशेब असतात.

उत्तर एकाच पत्रात, वस्तुनिहाय द्यावे, कारणांपेक्षा तथ्ये जास्त. छायाचित्रकाराचे पत्र साधारण असे:

> आपले पत्र मिळाले. नोंदी पुन्हा तपासल्यावर माझ्या दाव्यात पुढील दुरुस्त्या करीत आहे. (1) फ्लॅश लाइट तीन नसून दोन होते. यादी मी जुन्या नोंदवहीवरून केली होती. तिसरा आधीच मोडीत काढला होता. 40,000 कमी करावेत. (2) टेलिफोटो लेन्स सहायकाकडे सापडली. 1,10,000 कमी करावेत. लेन्स पाहण्यासाठी उपलब्ध आहे. (3) लॅपटॉपचे मूळ बिल हरवले आहे. मी सादर केलेले बिल दावा करताना माझ्या विनंतीवरून दुकानदाराने तयार केले आहे आणि त्यावर मूळ खरेदीची तारीख टाकली आहे. ते पुरावा म्हणून धरू नये. त्याऐवजी बँकेचे विवरण आणि हमीची नोंदणी सोबत जोडली आहे. (4) जुन्या कॅमेऱ्याचे वय पाच वर्षे. त्याचा बाजारभाव सर्व्हेअरने ठरवावा. त्याच स्थितीतील वापरलेल्या कॅमेऱ्यांचे तीन भाव सोबत आहेत. मूळ यादी आणि दुरुस्त यादी दोन्ही जोडल्या आहेत. माझे पॉलिसीखालील हक्क राखून.

या पत्रात ‘गैरसमजातून’, ‘नकळत’, ‘मानसिक तणावामुळे’ असे काही नाही, हे लक्षात आले असेल. चूक कशी झाली ते एका वाक्यात, आणि पुढची वस्तू.

आता हिशेब. 9,00,000 मधून लाइटचे 40,000 आणि लेन्सचे 1,10,000 गेले, राहिले 7,50,000. जुना कॅमेरा 1,60,000 लावला होता; वापरलेल्याचा भाव 64,000 धरला तर आणखी 96,000 जातात. 6,54,000 उरतात. स्वतः सोसायचे 10,000 वजा करून 6,44,000.

नव्याच्या किमतीवर अडून बसला असता तर? पॉलिसीत न्यून विम्याची अट असेल, म्हणजे विमा रक्कम मालाच्या एकूण किमतीपेक्षा कमी असली की भरपाईही त्या प्रमाणात कापणारी, तर तीच फूटपट्टी न चोरलेल्या सामानालाही लागते. सगळा स्टुडिओ नव्याच्या भावाने 12,50,000 चा आणि विमा रक्कम 10,00,000, म्हणजे विमा चार पंचमांश मालाचाच, आणि भरपाईही चार पंचमांश. किंमत चढवताना हा हिशेब क्वचितच कोणी करतो.

बिलाची कबुली दिल्यावर कंपनी लॅपटॉपचे पैसे देईलच, किंवा पूर्ण दावा नाकारणारच नाही, याची हमी कोणी देऊ शकत नाही. आणि यादीतली एखादी वस्तू तुम्ही जाणूनबुजून खोटी घातली असेल, तर हा नमुना वापरू नका. आधी वकिलाशी बोला. मागे घेतली की घडलेले पुसले जाते असे नसते, आणि कोणत्या शब्दांत मागे घ्यायची याला कायदेशीर वजन असते. तोवर ती वस्तू खरी असल्याचे आणखी एक वाक्यही लिहू किंवा बोलू नका.

जबाबाला बोलावले तर

तपासनीस तुमचा जबाब घेईल. काही पॉलिसींत तो शपथेवर असतो. कर्मचारी, घरचे, शेजारी यांच्याशी तो वेगळा बोलेल. त्यांना काय सांगायचे ते शिकवू नका. दोघांचे जबाब शब्दशः जुळले की तेच संशयाचे कारण होते.

मूळ यादी, दुरुस्त यादी आणि पाठवलेले पत्र सोबत न्या. प्रश्न तेवढेच उत्तर. आठवत नसेल तर ‘आठवत नाही, नोंद पाहून सांगतो’. अंदाज असेल तर ‘हा अंदाज आहे’ असे शब्द जबाबात उतरलेले आहेत ना, ते पाहा. सही करण्याआधी पूर्ण वाचा, चूक असेल तिथे दुरुस्त करून आद्याक्षरी करा आणि प्रत मागा. भाषा परकी असेल तर दुभाषा मागायला लाजू नका.

उत्पन्न, कर्जाचे हप्ते, आधीचे दावे असे प्रश्न येतात तेव्हा अनेकजण चिडतात. हेतू तपासण्यासाठी ते विचारले जातात. विषयाशी संबंध कळत नसेल तर लेखी विचारा, पण आधीचा दावा लपवू नका. तो कंपनीला बहुधा आधीच ठाऊक असतो.

नंतरची वाट पाहणे

उत्तर गेल्यावर दर पंधरा दिवसांनी एक छोटे स्मरणपत्र: काय राहिले आहे आणि निर्णय कधी अपेक्षित. देशोदेशी नियामकांनी दाव्याच्या निर्णयाला मुदती घातलेल्या आहेत. तुमच्याकडची कोणती लागू होते ते पाहून स्मरणपत्रात लिहा. ज्या वस्तूंवर वादच नाही, त्यांची रक्कम आधी द्या अशी मागणीही करता येते. कंपनी ती हक्क राखूनच देईल, आणि फसवणूक सिद्ध झाली तर परत मागेल.

पैसे देताना डिस्चार्ज व्हाउचर, म्हणजे रक्कम स्वीकारल्याचा सहीचा कागद, पुढे येते. त्यावर ‘पूर्ण व अंतिम समाधानासाठी’ लिहिले असेल आणि तुम्हाला रक्कम फक्त अंशतः मान्य असेल, तर सहीपूर्वी तसे लेखी कळवा. नंतर ‘दबावाखाली सही केली’ म्हणणे फार अवघड जाते. चोरीला गेलेली एखादी वस्तू या काळात सापडली, पोलिसांकडून किंवा कपाटामागून, तर त्याच दिवशी कळवा.

शेवटी तीनपैकी एक पत्र येते: हक्क राखल्याचे मागे घेऊन दावा मान्य, दुरुस्त रकमेपुरता मान्य, किंवा नामंजूर. नामंजुरीचे पत्र पहिल्या पत्राशेजारी ठेवून वाचा. पहिल्या पत्रात नसलेले नवे कारण आले आहे का, तुमच्या दुरुस्तीच्या पत्राचा उल्लेख आहे का, आणि फसवणुकीचा आरोप कोणत्या वस्तूवर, कोणत्या पुराव्याने केला आहे, एवढे तपासा. तक्रार निवारण, विमा लोकपाल किंवा न्यायालय, जिथे जाल तिथे वकील पहिल्यांदा हीच दोन पत्रे मागेल, आणि त्यांच्यामध्ये तुमचे तारीख घातलेले दुरुस्तीचे पत्र.